फोटोतल्या दोन रकान्यांवरून एमएपीई आणि बायस: अंक उतरवण्यापासून निकालापर्यंत

अंदाज किती चुकला हे सांगणारे आकडे काढायला सूत्र सोपे आहे, शाळेतल्या टक्केवारीइतकेच. अडचण येते ती मूळ आकडे फाइलमध्ये नसून फोटोत असतात तेव्हा: छापील अहवालाचे पान, फळ्यावरचा तक्ता, कुणीतरी पाठवलेला स्क्रीनचा फोटो. अशा वेळी निकाल चुकतो तो बहुतेकदा उतरवून घेताना. आणि इथे एक गोष्ट फार उपयोगी पडते. एमएपीई आणि बायस हे दोन आकडे वेगवेगळ्या प्रकारच्या वाचनचुकांनी बिघडतात. कोणती चूक कुठे दिसते हे ठाऊक असेल, तर निकालच तुम्हाला चुकीच्या ओळीपर्यंत नेतो.

आधी दोन्हींचा अर्थ पक्का करू. एमएपीई म्हणजे सरासरी टक्केवारी त्रुटी, चिन्ह सोडून. प्रत्येक ओळीत अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक घ्यायचा, उणे असले तरी अधिक धरायचे, त्याला प्रत्यक्ष मूल्याने भागायचे आणि अशा सगळ्या टक्केवाऱ्यांची सरासरी काढायची. बायस म्हणजे त्याच फरकांची सरासरी, पण चिन्ह तसेच ठेवून. एमएपीई सांगतो की एकेक अंदाज साधारण किती लांब पडतो. बायस सांगतो की सगळे अंदाज मिळून एका बाजूला कलले आहेत का.

चिन्हाबद्दल सुरुवातीलाच ठरवा. मी इथे फरक म्हणजे अंदाज वजा प्रत्यक्ष धरतो, त्यामुळे बायस अधिक आला की अंदाज जास्तीचा होता. बरीच पाठ्यपुस्तके उलटे, प्रत्यक्ष वजा अंदाज लिहितात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. पण निकाल देताना आकड्याशेजारी "अंदाज जास्त" किंवा "अंदाज कमी" हे शब्दांत लिहिले नाही, तर वाचणारा हमखास उलटा अर्थ लावू शकतो.

## फोटो घेताना काय चौकटीत हवे

कॅमेरा कागदाला समांतर धरा, म्हणजे ओळी तिरक्या दिसणार नाहीत. फ्लॅश बंद ठेवा. चकचकीत कागदावर किंवा फळ्यावर तो नेमका एखाद्या आकड्यावर पांढरा डाग पाडतो. जाड पुस्तकाच्या मधल्या घडीजवळ ओळी वळतात आणि डावीकडची सहावी ओळ उजवीकडच्या सातवीला जोडली जाते, म्हणून पान दाबून सपाट करा.

चौकटीत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: रकान्यांची शीर्षके, पहिला रकाना (आठवडा, महिना जे असेल ते), एकक सांगणारी ओळ ("आकडे हजारांत" वगैरे) आणि तळाची बेरीज. बेरजेची ओळ लोक बऱ्याचदा कापून टाकतात, कारण गणिताला ती लागत नाही. प्रत्यक्षात पडताळणीचे सगळ्यात मजबूत साधन तेच आहे. तक्ता लांब असेल तर दोन फोटो घ्या आणि दोन ओळी दोन्ही फोटोंत येऊ द्या. उतरवताना त्या एकदाच घ्यायच्या आहेत हे लक्षात ठेवा.

## उदाहरणाचा तक्ता

समजा फोटोत आठ आठवड्यांच्या मागणीचा तक्ता आहे. उतरवून झाल्यावर तो असा दिसतो:

| आठवडा | प्रत्यक्ष | अंदाज | फरक | त्रुटी % |
|---|---|---|---|---|
| १ | १२० | १२६ | +६ | ५ |
| २ | १५० | १४४ | −६ | ४ |
| ३ | ८० | ९२ | +१२ | १५ |
| ४ | २०० | २१० | +१० | ५ |
| ५ | १६० | १६८ | +८ | ५ |
| ६ | ४० | ५८ | +१८ | ४५ |
| ७ | २५० | २४० | −१० | ४ |
| ८ | २०० | २१४ | +१४ | ७ |
| बेरीज | १२०० | १२५२ | +५२ | ९० |

फोटोत फक्त पहिले तीन रकाने आणि त्यांची बेरीज आहे, शेवटचे दोन आपण काढलेले. त्रुटींच्या टक्केवाऱ्यांची बेरीज ९०, ओळी ८, म्हणून एमएपीई ११.२५ टक्के. फरकांची बेरीज +५२, म्हणून बायस दर आठवड्याला ६.५ नग, अंदाज जास्त. एकूण प्रत्यक्ष मागणीच्या प्रमाणात तो ५२ भागिले १२००, म्हणजे ४.३ टक्के.

स्प्रेडशीटमध्ये आठवडा A रकान्यात, प्रत्यक्ष B मध्ये आणि अंदाज C मध्ये ठेवा. पहिली ओळ शीर्षकाची. मग D2 आणि E2 मध्ये पुढची सूत्रे लिहून नवव्या ओळीपर्यंत खाली ओढा:

```
D2: =C2-B2
E2: =ABS(D2)/B2
```

आणि निकालासाठी, क्रमाने एमएपीई, नगांतला बायस आणि टक्क्यांतला बायस. E रकान्याला आणि पहिल्या व तिसऱ्या निकालाच्या पेशीला टक्क्यांचे स्वरूप द्या, नाहीतर ११.२५ टक्क्यांऐवजी ०.११२५ दिसेल:

```
=AVERAGE(E2:E9)
=AVERAGE(D2:D9)
=SUM(D2:D9)/SUM(B2:B9)
```

इथे एक सापळा आहे. फोटोवरून अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने दिलेले काही आकडे मजकूर म्हणून साठवले जातात. एक्सेलमध्ये `SUM` अशा पेशी गुपचूप वगळते, पण `C2-B2` सारखी वजाबाकी त्याच मजकुराचा आकडा करून घेते. परिणामी एमएपीई बरोबर येतो आणि भाजकातली बेरीज मात्र कमी पडते. कुठेही एररची खूण दिसत नाही. म्हणून `=COUNT(B2:B9)` आणि `=COUNT(C2:C9)` करून पाहा. दोन्ही ठिकाणी ८ आले पाहिजेत. कमी आले तर त्या पेशीत मागे मोकळी जागा असेल, शून्याऐवजी O हे अक्षर असेल किंवा 1 च्या जागी l असेल. अक्षर असेल तर मात्र वजाबाकीत एररही दिसेल. ती पेशी हाताने पुन्हा टाइप करणे हाच सरळ उपाय.

## बेरजेची पडताळणी: चुकलेला अंक शोधणे

आता वाचनात एक चूक घालून पाहू. तिसऱ्या आठवड्याचे प्रत्यक्ष मूल्य 80 आहे, पण 8 ची डावी बाजू पुसट होती आणि ते 30 असे उतरले. त्या ओळीची त्रुटी १५ टक्क्यांवरून २०६.७ टक्क्यांवर जाते. एमएपीई ११.२५ चा ३५.२ होतो आणि टक्क्यांतला बायस ४.३ चा ८.९. एका अंकाने अख्ख्या अंदाजपद्धतीबद्दलचे मत बदलले असते.

फोटोतली बेरीज १२०० आहे, तुमची ११५० येते. फरक ५०. या फरकाच्या आकारातच सुगावा असतो. ५०, ३००, ७ असा एकच अंक आणि पुढे शून्ये असतील, तर बहुधा एकच अंक चुकला आहे आणि कोणत्या स्थानावरचा तेही कळते. इथे दशक स्थानी ५ ने कमी. आता पूर्ण तक्ता पुन्हा वाचायची गरज नाही. दशक स्थानचे अंक पाहायचे आणि ज्यात ५ मिळवल्यावर फोटोतला आकडा बनतो तो शोधायचा. ३ चा ८ होतो. सापडला.

फरक ९ ने भाग जाणारा असेल, तर शेजारचे दोन अंक उलटे टाइप झाले असण्याची शक्यता मोठी. १२६ चे १६२ लिहिले तर फरक ३६. त्याला ९ ने भागले की ४ मिळतात, आणि उलटलेल्या २ आणि ६ मधले अंतरही ४ च आहे. पण ९ किंवा ९० सारखा फरक एकाच चुकलेल्या अंकामुळेही येऊ शकतो, म्हणून हा सुगावा आहे, पुरावा नव्हे. फोटोकडे परत जाऊन खात्री करायचीच.

फरक एखाद्या ओळीच्या पूर्ण आकड्याइतका निघाला, तर ती ओळ सुटली आहे किंवा दोनदा आली आहे. दोन फोटो जोडताना हेच होते.

देवनागरी अंकांचा तक्ता असेल तर गोंधळाच्या जोड्या वेगळ्या असतात. ४ हा अंक इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि सॉफ्टवेअर तसाच वाचू शकते. घाईत लिहिलेले १ आणि ९ एकमेकांत मिसळतात. असा तक्ता मी तरी हातानेच उतरवेन, आणि उतरवताना एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने टाइप करावे.

फोटोत बेरीजच नसेल, तर दोघांनी स्वतंत्रपणे उतरवून दोन रकान्यांची वजाबाकी करणे हा पर्याय उरतो. जिथे शून्य येत नाही, तेवढ्या पेशी फोटोशी ताडून पाहायच्या.

## बेरीज जुळली तरी न दिसणारी चूक

बेरजा दोन्ही जुळल्या की बहुतेक जण थांबतात. पण ओळ घसरली असेल तर बेरजेला ते कळत नाही. अंदाजाच्या रकान्यात सहाव्या आणि सातव्या ओळीची अदलाबदल झाली असे धरा: ४० समोर २४० आणि २५० समोर ५८. रकान्यात तेच आठ आकडे आहेत, बेरीज १२५२ च. फरकांची बेरीज +५२ च, बायस ६.५ च. एमएपीई मात्र ७७.२ टक्के, कारण सहाव्या ओळीची त्रुटी ५०० टक्के झाली आणि सातवीची ७६.८.

म्हणजे बायसला ओळींच्या जोडीशी देणेघेणे नाही, त्याला फक्त बेरजा लागतात. एमएपीई पूर्णपणे जोड्यांवर उभा आहे. बेरजेची पडताळणी बायसला वाचवते. एमएपीईला वाचवायला ओळीगणिक तपासणी लागते.

त्यासाठी एक जादा रकाना करा, अंदाज भागिले प्रत्यक्ष:

```
F2: =C2/B2
```

आपल्या तक्त्यात हे गुणोत्तर ०.९६ ते १.४५ मध्ये आहे. अदलाबदल झाल्यावर सहाव्या ओळीत ६ आणि सातवीत ०.२३ दिसते. एका ओळीत मोठे आणि लगेच शेजारी लहान, अशी जोडी म्हणजे घसरलेल्या ओळीची खूण. गुणोत्तर १० किंवा ०.१ च्या आसपास आले, तर दशांश चिन्ह हरवले आहे किंवा एक शून्य जास्त लागले आहे. सगळ्याच ओळींत ते १००० च्या जवळ असेल, तर एक रकाना हजारांत आहे आणि दुसरा सुट्ट्या नगांत. शीर्षकाखालची ती छोटी ओळ चौकटीत हवी असे म्हटले ते यासाठीच.

मोठे गुणोत्तर दिसले म्हणून आकडा चुकीचाच, असे मात्र धरू नका. सहाव्या आठवड्याचे १.४५ हे खरे आहे. त्या आठवड्यात मागणीच पडली होती. फोटो पाहा, आकडा तसाच असेल तर तो ठेवा. नकोसा वाटणारा आकडा काढून टाकला की एमएपीई सुंदर दिसतो आणि खोटा होतो.

रकाने उलटे धरले गेले तर? शीर्षके कापलेल्या फोटोत हे सहज होते. भाजक बदलून अंदाजाने भागले, तर या तक्त्याचा एमएपीई ९.१५ टक्के येतो आणि बायसचे चिन्ह उलटते. ही चूक धोकादायक आहे, कारण निकाल विचित्र दिसत नाही, उलट थोडा चांगला दिसतो. शीर्षक नसेल तर एक अंदाज बांधता येतो: चांगला अंदाज सहसा प्रत्यक्षापेक्षा कमी चढउतार दाखवतो, कारण अनपेक्षित उसळी आणि घसरण त्यात नसते. इथे प्रत्यक्ष ४० ते २५० पसरले आहे आणि अंदाज ५८ ते २४०. तरीही हा तर्कच. तक्ता पाठवणाऱ्याला विचारणे उत्तम.

## ११.२५ टक्क्यांचा अर्थ

बेरीज पुन्हा पाहा. ९० पैकी ४५ एकट्या सहाव्या आठवड्याचे आहेत. मागणी ४० वर आली, चूक १८ नगांची, पण भाजक लहान असल्याने तिचे ४५ टक्के झाले. चौथ्या आठवड्यात चूक १० नगांची, तिचे फक्त ५ टक्के. एमएपीई लहान मूल्यांच्या ओळींना असे अवाजवी वजन देतो. म्हणून मी त्याच्यासोबत नेहमी भारित त्रुटी काढतो: चिन्ह सोडून फरकांची बेरीज भागिले प्रत्यक्षाची बेरीज.

```
=SUMPRODUCT(ABS(C2:C9-B2:B9))/SUM(B2:B9)
```

इथे ८४ भागिले १२००, म्हणजे ७ टक्के. ११.२५ आणि ७ यांत इतके अंतर दिसले की समजावे, एखादी लहान ओळ निकाल ओढते आहे.

प्रत्यक्ष मूल्य शून्य असेल तर त्या ओळीला एमएपीई नसतोच, भागाकारच होत नाही. शून्याच्या जागी १ लिहिण्याची पळवाट वापरू नका: अंदाज १२ असेल तर ती एक ओळ ११०० टक्के दाखवेल. ती ओळ एमएपीईतून वगळा, बायसमध्ये मात्र ठेवा, आणि किती ओळी वगळल्या ते लिहा. शून्ये बरीच असतील तर एमएपीई सोडून भारित त्रुटीच द्या. फोटोत रेघ किंवा रिकामी जागा असेल तर ती शून्य आहे की नोंदच नाही, हे आधी ठरायला हवे. सेल्सिअस तापमानासारख्या मोजमापाला तर हा आकडा लावूच नये, कारण तिथले शून्य हे "काहीच नाही" असे शून्य नाही आणि टक्केवारीला अर्थ उरत नाही.

बायस शेजारी हवाच, त्यामागे एक कारण आहे. एमएपीई दोन्ही बाजूंच्या चुकांना सारखे वागवत नाही. प्रत्यक्ष १५० आणि अंदाज ५० असेल तर त्रुटी ६६.७ टक्के; प्रत्यक्ष ५० आणि अंदाज १५० असेल तर २०० टक्के. कमी अंदाजाची शिक्षा १०० टक्क्यांवर थांबते, जास्त अंदाजाच्या शिक्षेला मर्यादा नाही. केवळ एमएपीई कमी करण्याच्या मागे लागलेला माणूस किंवा प्रोग्रॅम नकळत कमी अंदाज देऊ लागतो. ते फक्त बायसमध्ये दिसते.

आता हा +६.५ नगांचा बायस खरा कल आहे की योगायोग? आठपैकी सहा आठवडे अंदाज जास्त आहे, पण नाणे आठ वेळा उडवले तरी सहा किंवा अधिक छापे येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के असते. फरकांचे प्रमाण विचलन `=STDEV.S(D2:D9)` ने ९.७ येते. त्याला ८ च्या वर्गमुळाने भागले की ३.४. ९५ टक्के खात्री हवी असेल, तर आठ ओळींसाठी याच्या २.३६ पट, म्हणजे सुमारे ८, दोन्ही बाजूंना धरावे लागते. खरा बायस −१.६ ते +१४.६ मध्ये कुठेही असू शकतो. या पट्ट्यात शून्य येते. तेव्हा "अंदाज जास्तीकडे झुकलेला दिसतो, पण आठ आठवड्यांवरून खात्री नाही" इतकेच म्हणता येईल. याच आधारावर पुढचे सगळे अंदाज ४ टक्क्यांनी खाली ओढणे घाईचे ठरेल.

## एखादा अंक वाचताच आला नाही तर

तळाची बेरीज असेल आणि त्या रकान्यात एकच आकडा अस्पष्ट असेल, तर बेरजेतून बाकीचे वजा करून तो मिळतो. बेरीज नसेल तर मनाने अंक भरू नका. शक्य असलेला प्रत्येक अंक घालून गणित करून पाहा, फक्त दोन टोके पुरत नाहीत, कारण सगळ्यात लहान एमएपीई मधल्या अंकालाही येऊ शकतो. पाचव्या आठवड्याच्या अंदाजात १६ नंतरचा अंक पुसला असेल, तर तो आकडा १६० ते १६९ मध्ये असणार. एमएपीई १०.६ ते ११.३ मध्ये आणि बायस ५.५ ते ६.६ नगांमध्ये राहतो. हा पट्टा इतका अरुंद आहे की निकाल तसाच देता येतो.

पण सहाव्या आठवड्याच्या प्रत्यक्ष आकड्यात दशक स्थान पुसले असेल आणि फक्त शेवटचे शून्य दिसत असेल, तर ती जागा १० पासून ९० पर्यंत काहीही असू शकते. १० धरले तर एमएपीई ६५.६ टक्के, ६० धरले तर ६.०, ९० धरले तर १०.१. असा पट्टा कुणाच्याच उपयोगाचा नाही. अशा वेळी मूळ नोंद मागवा. ती मिळत नसेल तर पूर्ण ओळ दोन्ही आकड्यांतून वगळा आणि निकाल या शब्दांत द्या: "सात आठवडे, सहावा आठवडा अवाच्य असल्याने वगळला, एमएपीई ६.४ टक्के, बायस दर आठवड्याला ४.९ नग, अंदाज जास्त."